रंगाचा शब्द

श्रीपुरात ऊस पिकतो. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केलं, त्याचा साखर कारखाना इथं उभा राहिला आणि गावाची ओळख साखरेशी जोडली गेली. पुढं पांडुरंग सहकारी कारखानाही आला. निरेच्या पाण्यावर ऊस, केळी, डाळिंब सगळं होतं, पण फुलांचं पीक फुटकळच. महाळुंगच्या, अकलूजच्या अंगाला कुणी दहा-वीस गुंठे झेंडू लावतो, कुणी गुलछडीचे चार वाफे राखून असतो. ती फुलंही बरीचशी पंढरपूरच्या वाटेला जातात. विठ्ठलाच्या गावाला रोजच हार लागतात, आणि एकादशी आली की आमच्या भागातला झेंडू दोन दिवस आधीच बोलून ठेवलेला असतो.

अशा गावात मी लग्नाचं स्टेज, दारातलं गेट आणि वास्तुशांतीची सजावट करते. कामं लहान असतात. दोनशे माणसांचं लग्न, घरापुढचा मांडव किंवा छोटं कार्यालय, बारा फुटांचं स्टेज. उसाचं बिल हातात आलं की माणसं तिथी काढतात, त्यामुळं पुष्कळ लग्नं एप्रिल-मेमध्ये येतात. म्हणजे नेमकं ऊन चाळिशीच्या वर गेलेलं असतं तेव्हा, फुलांना सगळ्यात कठीण अशा दिवसांत. या कामात हात सजावटीला लवकर बसतो. भाव सांगायला बसायला मात्र फार काळ लागतो, कारण भाव सांगायचा दिवस आणि फूल विकत घ्यायचा दिवस यांच्यात महिना-दीड महिना असतो, आणि फुलाचा बाजार एका रात्रीत दुप्पट होऊ शकतो.

मेमधल्या एका लग्नाचं सांगते. घरापुढं पत्र्याचा मांडव, दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. नवरीच्या काकू दीड महिना आधी आल्या. मोबाइलमध्ये फोटो होता, एका मोठ्या हॉलमधली भिंतभर गुलाबांची सजावट. “ताई, असलंच करा, पण आपल्या ऐपतीत.” हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरातून येतं आणि ते अगदी रास्त आहे. त्या फोटोतल्या एका चौरस फुटाला तीस-चाळीस गुलाब लागतात. बारा बाय आठची भिंत म्हणजे शहाण्णव चौरस फूट, म्हणजे तीन-साडेतीन हजार गुलाब. हे ऐकल्यावर काकू गप्प झाल्या. मग मी विचारलं, “फोटोत तुम्हाला नेमकं काय आवडलं?” त्यांनी पुन्हा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, “गुलाबी रंग. आणि मधला तो गोल.”

तिथून काम सुरू झालं. स्टेजवर डोळा आणि कॅमेरा कुठं जातो ते ठरलेलं असतं. नवरा-नवरी उभे राहिले की त्यांच्यामागची साधारण तीन फुटांपासून सात फुटांपर्यंतची जागा फोटोत येते. त्याखाली सोफा असतो, आहेर देणारी माणसं असतात, पोरंटोरं असतात. तिथं लावलेलं फूल कुणालाच दिसत नाही. म्हणून मागं पांढरं कापड सोडायचं, दोन्ही कडांना तीन-तीन फुटांचे लडींचे पडदे करायचे, वर बारा फुटांची झालर, आणि मध्ये चार फूट व्यासाची लोखंडी रिंग. तीही पूर्ण भरायची नाही. डाव्या खालच्या बाजूनं चढत वर जाणारी अर्धी रिंग फुलांनी भरली की उरलेला गोल डोळा आपोआप पुरा करतो. काकूंना हवा असलेला गुलाबी गोल भिंतभर गुलाबांशिवाय मिळतो, तो असा.

आता माप. मध्यम आकाराचा झेंडू पाकळ्यांकडून देठाकडं ओवला तर किलोला दहा-अकरा फूट लडी निघते. एका पडद्यात चार-चार इंचांवर दहा लडी, दोन पडद्यांत वीस, प्रत्येक सात फुटांची. त्यातल्या दहा पिवळ्या झेंडूच्या आणि दहा पांढऱ्या गुलछडीच्या, एकाआड एक. म्हणजे झेंडूची सत्तर फूट लडी, सात किलो. झालर तिहेरी लागते, तिला चार किलो. गेट आठ फूट रुंद, सात फूट उंच, त्यावर दोन लडी पिळून बसवायच्या, तिथं चार किलो. झाले पंधरा. कुस्करलेलं, काळं पडलेलं, देठ तुटलेलं फूल धरून अठरा किलो मागवायचं. सुटी गुलछडी दोन किलो. रिंगच्या सहा फुटांना ऐंशी काड्या: डच गुलाबाच्या दोन गड्ड्या, म्हणजे चाळीस, कारण डच गुलाब वीसच्या गड्डीनं येतो, जरबेराच्या दोन गड्ड्या दहा-दहाच्या, आणि कार्नेशनची एक गड्डी वीसची. शिवाय भरणीला कामिनीची पानं आणि गावातलीच अशोकाची पानं, आंब्याचे टाळे.

झेंडू साठ रुपये किलोनं धरला, बाकीचं त्या दिवसांच्या चालू भावानं, तर सगळी फुलं-पानं मिळून अडीच हजार होतात. पुण्याहून माल येण्याचं भाडं आणि टेंभुर्णी फाट्यावरून घरापर्यंतचं, मिळून सहाशे. स्पंज, तार, सुतळी, केबल टाय यांचे चारशे. लडी ओवणाऱ्या तीन बायकांची मजुरी बाराशे. पहाटे स्टेज बांधायला दोन माणसं, सोळाशे. रिंग, पाइप, कापड यांची झीज आणि धुलाई सातशे. लग्न झाल्यावर सगळं उतरवून, तारा वेगळ्या काढून कचरा हलवायचे पाचशे. बेरीज साडेसात हजार. मी दहा हजार सांगितले.

नवरीचे काका हिशेबाचे पक्के. ते म्हणाले, “ताई, फुलं तर अडीच हजाराची हायती. मग धा कशाचे?” मी कागद त्यांच्यापुढं ठेवला. हा प्रश्न मला कधीच टोचत नाही, उलट तो विचारला जावा असंच वाटतं. सजावटीत फुलं एकूण पैशाच्या चौथ्या हिश्श्याएवढी असतात. बाकीचे पैसे ते फूल बारा पस्तीसला ताजं दिसावं म्हणून लागतात. आणि वरचे अडीच हजार ही माझी मेहनत आहे, तसाच बाजाराचा धोकाही. झेंडू साठाचा एकशे वीस झाला तर अकराशे तिथंच जातात. लग्नाची दाट तिथी आली, पुण्या-मुंबईत एकाच दिवशी शेकडो लग्नं निघाली, की असा भाव सहज होतो.

म्हणून मी कागदावर फुलाच्या नावाचा शब्द देत नाही. रंगाचा, आकाराचा आणि फुटांचा देते. त्या कागदावर असं लिहिलं होतं: कडांचे पडदे पिवळे-पांढरे, रिंगेत गुलाबी गोल फुलं, म्हणजे गुलाब, कार्नेशन, जरबेरा किंवा ॲस्टर, जे त्या दिवशी चांगलं मिळेल ते. रक्कम बदलणार नाही, फूल बदलू शकेल. काका-काकूंना हे वाचून दाखवलं, सही घेतली. अख्ख्या सेटअपचा एकच भाव सांगण्याचा अर्थ मला इतकाच वाटतो. यजमानानं पैशाची खात्री घ्यायची आणि त्या बदल्यात सजावट करणाऱ्याला फूल निवडायचा हक्क द्यायचा. एकाच वेळी फूलही तेच हवं आणि पैसेही तेवढेच, असा आग्रह धरला तर शेवटी कमअस्सल, दोन दिवसांचं शिळं फूल स्टेजवर चढतं. भाव पाळायला दुसरी वाटच उरत नाही.

माल दोन वाटांनी येतो. झेंडू आणि पानं जवळची. गुलाब, जरबेरा, कार्नेशन, आणि बरेचदा गुलछडीसुद्धा, पुण्याच्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून. डच गुलाब आणि जरबेरा पॉलिहाउसचे. तळेगाव दाभाडे आणि मावळ पट्ट्यात त्यांची मोठी शेती आहे. लग्न रविवारी असलं तर शनिवारी पहाटे आडत्या माल उचलतो, खोक्यांत भरतो, संध्याकाळच्या गाडीवर चढवतो. साडेतीन-चार तासांनी टेंभुर्णीला खोकी उतरतात. तिथून घरी आणून देठ तिरपे कापून पाण्यात ठेवायचे. गुलाबाला बादलीभर पाणी चालतं, पण जरबेराला बादलीच्या तळाशी तीन-चार बोटंच पाणी द्यायचं. त्याचा देठ केसाळ आणि मऊ असतो, खोल पाण्यात सडतो, त्यात जंतू वाढून पाण्याची वाट बुजते, आणि सकाळी फूल टवटवीत असूनही मान टाकतं.

त्या शनिवारी पहाटे आडत्याचा फोन आला. गुलाबी डच गुलाब कमी आलाय, गड्डी तीनशे वीसला आहे, लाल हवा तर मिळेल. मी गुलाब धरलेला एकशे ऐंशीनं. लाल घेतला असता तर गुलाब आला असता, पण काकूंचा गुलाबी रंग गेला असता. मी गुलाब सोडला. जरबेरा तोंडानं मोठा, दोन गुलाबांची जागा एक जरबेरा भरतो. चाळीस गुलाबांऐवजी गुलाबी जरबेराच्या आणखी दोन गड्ड्या आणि गुलाबी ॲस्टरच्या दोन जुड्या सांगितल्या. पैसे वाचले, तेवढ्यात गुलछडीचा चढलेला भाव बराचसा भागला. तरी गुलछडी दोनऐवजी एकच किलो घेतली आणि उरलेल्या लडींना पांढरी बिजली धरली. बिजली छोटी, स्वस्त, पांढरी स्वच्छ. लडीत लांबून गुलछडीसारखीच दिसते. तिला सुवास नसतो एवढाच फरक. म्हणून गुलछडीच्या लडी आतल्या बाजूला, नवरीच्या खुर्चीजवळ बांधायच्या ठरवल्या, म्हणजे वास जिथं हवा तिथंच राहील.

झेंडू शनिवारी दिवस कलल्यावर तोडलेला हवा. तो पोत्यात भरून येतो. घेताना वरची फुलं न बघता पोत्याच्या मध्यापर्यंत हात घालायचा. आत ऊब लागली तर तो माल परत करायचा. तोडलेलं फूल श्वास घेत असतं, दाबून भरलं की त्याच्याच उष्णतेनं आतलं फूल शिजायला लागतं, आणि रात्रीतून पाकळ्या देठातून सुटतात. दुसरी खूण हिरव्या पेल्याची. पेला काळपट, ओलसर, बोटाला चिकट लागला तर वजन वाढावं म्हणून पाणी मारलेलं असतं. शेवंती घेताना फूल उलटं करून मागच्या पाकळ्या बघायच्या, तपकिरी कड तिथून सुरू होते. गुलाबाला खाली, देठाच्या वर, हलकं दाबून बघायचं. बोटाला घट्ट लागला तर ताजा, पोकळ लागला तर तो उद्या मान मोडणार.

रात्री ओवायला तीन बायका बसल्या. त्यांतल्या एका मावशींचा हात असा बसलाय की लडीतलं प्रत्येक फूल एकाच तोंडानं बसतं; दुसऱ्या कुणी केलेली लडी आणि त्यांची लडी शेजारी टांगली तर लगेच ओळखू येते. ओवून झालेल्या लडी ओल्या गोणपाटावर आडव्या पसरून ठेवायच्या, एकावर एक ढीग करायचा नाही. झेंडूवर पाणी शिंपडलेलं चालतं. गुलछडीवर आणि मोगऱ्यावर शिंपडायचं नाही, थेंब जिथं थांबतो तिथं सकाळी तपकिरी डाग दिसतो. त्या लडी नुसत्या ओल्या फडक्याखाली ठेवायच्या, फडकं फुलाला न चिकटता.

मेमधल्या लग्नघरात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, आणि ती कुणी मुद्दाम सांगत नाही. फुलं ठेवायला घरातली सगळ्यात गार खोली मागितली की घरची माणसं आनंदानं ती उघडून देतात, आणि नेमक्या त्याच खोलीत आमरसासाठी आणलेल्या आंब्यांच्या पेट्या असतात. आमच्या भागात केळीचे घडही असतात. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं, फळ पिकवतो तोच वायू फुलाला म्हातारं करतो. कार्नेशनला तो सगळ्यात लवकर लागतो. बंद खोलीत आंब्याशेजारी काढलेल्या एका रात्रीनंतर कार्नेशनच्या पाकळ्या आत वळतात, फूल डोळे मिटल्यासारखं दिसतं, आणि पाण्यात कितीही ठेवलं तरी पुन्हा उघडत नाही. ऑर्किडचंही तसंच. झेंडूला या वायूचं फारसं काही होत नाही. म्हणून मी आता गार खोली मागताना आधी आंबे कुठं आहेत ते विचारते, आणि ते तिथं असले तर फुलं व्हरांड्यात ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवते. थोडी उष्ण जागा परवडते, आंब्याची सोबत परवडत नाही.

पहाटे चारला बांधायला सुरुवात केली. रिंगेतल्या फुलांना पाणी मिळावं म्हणून हिरवा स्पंज वापरतात. १९५४ साली अमेरिकेत व्हर्नन स्मिदर्स यांनी तो काढला, आणि जगभरच्या सजावटीचं काम त्यानं सोपं केलं. पण तो प्लास्टिकच्याच जातीचा आहे, एकदा वापरला की चुरा होतो आणि तो चुरा मातीत मुरत नाही. मी तो जिथं देठ लहान आणि नाजूक असतात तिथंच वापरते. गेटच्या दोन्ही पायथ्यांच्या गुच्छांना केळीच्या बुंध्याचे हातभर तुकडे पुरतात. बुंधा पाण्यानं गच्च असतो. सळईनं भोक पाडून देठ रोवला की दुपारपर्यंत फूल टिकतं. घड उतरल्यावर शेतकरी बुंधा कापतोच, तो मागून आणायचा. चीक मात्र कापडाला लागू द्यायचा नाही, तो डाग कधीच जात नाही.

गेट पश्चिमेला होतं, म्हणजे दुपारनंतर सगळं ऊन त्याच्यावर. तिथं नाजूक फूल लावलंच नाही. झेंडू, अशोकाची पानं आणि मध्ये नावाची पाटी, एवढंच. पिळलेल्या लडीतला झेंडू उन्हात वरून थोडा सुकतो, पण रंग धरून ठेवतो. कार्तिकातली लग्नं असली की मी गेटला वाढ्यासकट उसाच्या जोडकांड्यांची कमान करते. आमच्या गावाला ती शोभते, आणि थंडीत वाढं दिवसभर हिरवं राहतं. मेमध्ये तेच वाढं दुपारी वाळक्या चाऱ्यासारखं लोंबतं. म्हणून त्या मोसमाच्या कागदावर ऊस नसतो, कुणी मागितला तरी.

साडेदहाला काम संपलं. बारा पस्तीसच्या अक्षता सव्वाला पडल्या, त्याचा अंदाज मी नेहमी धरलेला असतो. लग्न सांगितल्या वेळेला लागणार नाही, तर फुलाला तासभर जास्त टिकावं लागणार. काकू मध्येच येऊन म्हणाल्या, “ताई, गुलाब दिसंना.” मी रिंगेकडं बोट दाखवलं, कागदावरच्या ओळीची आठवण करून दिली आणि शनिवार पहाटेचा भाव सांगितला. त्यांनी नवरीकडं पाहिलं, मागच्या गुलाबी गोलाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “रंग त्योच हाय.” फोटो काढणाऱ्यांत कुणालाही काही कमी वाटलं नाही. सांगितलेल्या दहा हजारांत एक रुपयाही वाढला नाही. अशा वेळी वाटतं की हिशेब आधी उघडा केलेला बरा. शंका यायला जागाच उरत नाही.

वास्तुशांतीचं गणित वेगळं. तिथं स्टेज नसतं, दार असतं. साडेतीन बाय सातचा मुख्य दरवाजा, म्हणजे दोन बाजू आणि वरची मिळून साडेसतरा फूट. सत्यनारायणाच्या चौरंगाला चार कोपऱ्यांत केळीचे खांब. देवघराला एक छोटी झालर. पाच किलो झेंडूत सगळं होतं, आणि गृहप्रवेश सकाळी लवकर असल्यानं उन्हाचा प्रश्नही येत नाही. इथली खरी अडचण नव्या रंगाची. भिंत आठवड्यापूर्वी रंगवलेली, चौकटीवर ताजं पॉलिश. खिळा मारता येत नाही, चिकटपट्टी काढताना रंगाचा पापुद्रा घेऊन येते, आणि ओल्या झेंडूचा पिवळा डाग भिंतीवर बसतो. म्हणून दारापुढं दोन बांबू उभे करून त्यांवर लडी बांधायच्या, भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवून. पूजेची फुलं वेगळ्या पिशवीत द्यायची. ती जमिनीवर ठेवायची नाहीत, सजावटीतून उरलेली द्यायची नाहीत. घरातल्या आजींना हा फरक लगेच कळतो, आणि त्यांचा विश्वास तिथंच जडतो. अशा कामाचे मी साडेतीन हजार घेते. फूल कमी लागलं तरी माणसाची पहाट तेवढीच जाते.

अलीकडं घरोघर प्लास्टिकच्या फुलांची विचारणा होते. त्यांचा भाव वर्षभर तोच, तिथी दाट असो की विरळ, आणि ती दहा लग्नांना पुन्हा वापरता येतात. राज्यातल्या फूलउत्पादकांनी त्यांच्यावर बंदी मागितली आहे, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधिमंडळातही तो विषय निघाला होता. मला ती फुलं नको वाटतात, त्याचं कारण साधं आहे. माझ्या कागदावरच्या दहा हजारांतले जवळजवळ चार हजार झेंडू लावणाऱ्याच्या, ओवणाऱ्या मावशींच्या आणि पहाटे बांधणाऱ्या पोरांच्या हातात, म्हणजे आमच्याच पंचक्रोशीत राहतात. प्लास्टिकचं फूल एकदा विकत घेतलं की यातलं कुणीच लागत नाही. पंढरपूरला वसंत पंचमीला विठ्ठल-रुक्मिणीचा विवाह लागतो तेव्हा सगळं मंदिर खऱ्या फुलांनी भरतं. आमच्याकडच्या बायका ते बघून येतात आणि घरच्या लग्नात तसंच व्हावं म्हणतात. ती इच्छा मला मोठी वाटते, आणि ती लहान पैशात पुरी करता येते यावर माझा विश्वास आहे.

फक्त पैसे कमी असतील तेव्हा काय कमी करायचं ते नीट ठरवावं लागतं. पुष्कळ जण म्हणतात, स्टेज बाराच फुटांचं ठेवा, फुलं विरळ लावा. विरळ लडींचा पडदा लांबून तुटका दिसतो, मागचं कापड आणि पाइप डोळ्यात येतात, आणि पैसे जाऊनही घर समाधानी होत नाही. मी उलट सांगते. फूट कमी करा, फूल दाट ठेवा. कडांचे पडदे काढून टाका, झालर काढून टाका, मागचं पांढरं कापड तेवढं कडक इस्त्री करून सोडा, आणि सगळी फुलं त्या एका रिंगेत घाला. दारावर एक तोरण बांधा. पाच हजार रुपये बारा फुटांना पुरत नाहीत, चार फुटांना भरपूर पुरतात, आणि नवरा-नवरी उभे राहतात ते त्या चार फुटांतच.